स्थायू, द्रव, वायू: सातवीसाठी तीन कडवी कशी बांधायची

सातवीच्या मुलांना पदार्थाच्या तीन अवस्था पाठ असतात. अडचण फरक सांगताना येते. “द्रवाला आकार नसतो” असं मूल म्हणतं आणि पुढच्याच ओळीत वायूबद्दलही तेच म्हणतं. मग दोघांत वेगळं काय, असं विचारलं की वर्ग गप्प. एका अवस्थेला एक कडवं अशी तीन यमकबद्ध कडवी मुलांकडून लिहून घेतली किंवा आपण लिहून दिली, तर हा गोंधळ नेमका कुठे आहे ते ओळीत दिसतं. पण कडवी कशीही लिहून चालत नाही. “बर्फ किती छान, पाणी किती महान” अशा ओळींतून विज्ञानाचं काही कळत नाही. मी पुण्यात शिकवताना ज्या पद्धतीने ही कडवी बांधून घेते, ती इथे क्रमाने सांगते. ज्यांनी आयुष्यात एक ओळही रचली नाही अशा पालकांना आणि नव्या शिक्षकांनाही ती जमते.

पहिली पायरी: छंद ठरवा

अष्टाक्षरी घ्या. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, बाकी काही नाही. मात्रा मोजायला लागलात तर सातवीचं मूल ऱ्हस्व-दीर्घात अडकतं आणि विज्ञान बाजूला राहतं. अष्टाक्षरीत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे “स्थायू” या शब्दात दोन अक्षरं, “फुग्यात” मध्ये तीन. बोलताना आपण “दाबता” हा शब्द “दाब्ता” असा उच्चारतो, पण मोजताना तो दा-ब-ता असा तीनच धरायचा आणि म्हणतानाही ओवीसारखा सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणायचा. मुलांना बोटांवर मोजू द्या. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची तीन बोटं संपली की ओळ संपली.

इथे एक सोय आपोआप मिळते. स्थायू, द्रव आणि वायू हे तिन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत. म्हणजे एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी ओळ मोडत नाही. पुढची सगळी रचना याच गोष्टीवर उभी आहे.

दुसरी पायरी: तीन प्रश्न, तीन जोड्या

प्रत्येक कडव्यात सहा ओळी ठेवा, म्हणजे यमकाच्या तीन जोड्या. पहिली जोडी आकाराबद्दल, दुसरी आकारमानाबद्दल, तिसरी कणांबद्दल. तिन्ही कडव्यांत हा क्रम अजिबात बदलायचा नाही. तुलना व्हायची तर तिघांना एकाच क्रमाने तेच प्रश्न विचारायला हवेत. एका कडव्यात रंग, दुसऱ्यात वजन आणि तिसऱ्यात उपयोग आला, तर तीन वेगळ्या कविता होतात, फरक कुठेच कळत नाही.

“आकारमान” हा शब्द पाच अक्षरांचा आहे. तो घातला की आठांपैकी तीनच अक्षरं उरतात. म्हणून कडव्यात मी “माप” वापरते आणि फळ्यावर बाजूला “माप म्हणजे आकारमान” असं लिहून ठेवते. परीक्षेत मुलांनी आकारमानच लिहायचं, हेही त्याच वेळी सांगून टाका.

तिसरी पायरी: मधली जोडी आधी लिहा

बहुतेक जण पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि बर्फ, पाणी, वाफ या नावांशीच थांबतात. तुम्ही मधून सुरुवात करा, कारण तिथे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे आणि ते हाताने तपासता येतं.

औषधाच्या दुकानातून 10 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या मागे ओढून तिच्यात हवा भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. अंगठ्याच्या जोराने तो जवळजवळ निम्म्यापर्यंत खाली जातो आणि सोडला की परत वर येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दट्ट्या थोडा हलेल आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढतील. तोंड बंद करून दाबा. दट्ट्या जागचा हलत नाही. मग दोन बोटांत खडा धरून दाबायला सांगा. तोही तसाच.

हे पाहून झाल्यावर पहिली ओळ मुलंच सांगतात:

स्थायू दाबता दबेना
द्रव दाबता दबेना
वायू दाबता दबतो

एकच ओळ तीन कडव्यांत येते, फक्त नाव बदलतं आणि तिसऱ्या वेळी शेवट उलटतो. स्थायू आणि द्रव इथे एका बाजूला आहेत, वायू दुसऱ्या बाजूला. मुलांना वाटत असतं की द्रव हा मधला, म्हणजे थोडा दबणारा. सिरिंज आणि ही ओळ दोन्ही मिळून तो समज काढून टाकतात. खरं सांगायचं तर पाणीही दबतं, पण किती? समुद्रात 4 किलोमीटर खोलीवरच्या प्रचंड दाबाखालीही त्याचं आकारमान दोन टक्क्यांहून कमी घटतं. सातवीसाठी “दबेना” हे बरोबर आहे. एखाद्या हुशार मुलाने विचारलं तर हा आकडा सांगा, कडव्यात घालू नका.

जोडीची दुसरी ओळ आता यमकाने येते. स्थायूला “माप जराही घटेना”. द्रवालाही तेच लागू आहे, पण तीच ओळ पुन्हा लिहिली तर मूल झोपेत म्हणून जातं. म्हणून द्रवाला “माप त्याचेही घटेना”. या “ही” मुळे मागच्या कडव्याची आठवण होते आणि दोघांतलं साम्य कानावर पडतं. वायूला “सोडता खोली भरतो”. द्रव भांड्याच्या तळाशी आपल्या मापापुरताच राहतो, वायू मात्र मिळेल तेवढी जागा भरतो. द्रव आणि वायू यांच्यातला खरा फरक या ओळीत आहे. वर्ग जिथे गप्प बसला होता, त्या प्रश्नाचं उत्तर हेच.

चौथी पायरी: कणांची जोडी, आणि इथे थांबून विचार करा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. त्या कवितेत शिरल्या की पाठ होऊन बसतात, म्हणून या जोडीला मी एक पूर्ण तास देते.

पहिली चूक: “स्थायूचे कण स्थिर”. ते स्थिर नसतात. आपापल्या जागी राहून सतत थरथरत असतात. तापवलं की थरथर वाढते, आणि पुरेशी वाढली की पदार्थ वितळतो. “स्थिर” लिहिलं तर वितळणं समजावताच येणार नाही.

दुसरी चूक चित्रातून येते. तीन चौकोन काढतात. पहिल्यात ठिपके चिकटलेले, दुसऱ्यात थोडे लांब, तिसऱ्यात खूप लांब. मुलं त्यावरून “द्रवाचे कण थोडे दूर” अशी ओळ लिहितात. पण द्रवाचे कण स्थायूइतकेच जवळजवळ खेटलेले असतात, म्हणून तर पाणी दबत नाही. आणि आपल्या रोजच्या पाण्याचं उदाहरण घेतलं तर गोष्ट उलटीच आहे. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणून बर्फ तरंगतो आणि फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली बाटली फुगते. बर्फातले कण पाण्यातल्या कणांपेक्षा जरा लांबच असतात. म्हणजे अंतर हा स्थायू आणि द्रव यांच्यातला फरक नव्हेच. फरक आहे जागेचा. स्थायूत कणाची जागा ठरलेली असते, द्रवात ती सतत बदलते.

अंतर खरं वाढतं ते वायूत. 1 मिली पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ती जवळजवळ 1.7 लिटर जागा घेते. कण तेवढेच, जागा सुमारे 1700 पट. प्रत्येक दिशेने दोन कणांमधलं अंतर सुमारे 12 पट झालं असा त्याचा अर्थ. फळ्यावर ठिपके काढताना स्थायू-द्रवात बोटाच्या पेरात तीन-चार मावतील असे काढा, आणि वायूत एक ठिपका काढल्यावर दुसरा तीन-चार पेरं लांब.

आता ही गोष्ट शब्दांत आणायची. मी एकच शब्द निवडला: खेटून. तो स्थायूत आणि द्रवात दोन्हीकडे ठेवायचा आणि वायूत काढून टाकायचा. जागेचा फरक सांगायला “जागीच” आणि “जागचे उठून” हे शब्द आले, आणि जोड्या अशा जुळल्या:

कण जागीच दाटून
थरथरती खेटून

कण जागचे उठून
सरकती ते खेटून

वायूच्या जोडीला बराच वेळ लागला. खेटून-दाटून यांच्या नादात राहायचं तर शेवट “टून”ने व्हायला हवा. एका मुलीने पटकन सुचवलं: “कण एकेक तुटून, धावती दूर सुटून”. मोजून पाहिलं तर आठ-आठ अक्षरं, यमकही चोख. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण मी दोन दिवसांनी विचारलं, “पाण्याची वाफ झाली तेव्हा कणाचं काय झालं?” निम्म्या मुलांनी सांगितलं, “तो तुटला.” कण तुटत नाही. पाण्याचा कण वाफेतही पाण्याचाच कण असतो, तो फक्त शेजाऱ्यांपासून सुटतो. एका यमकाने रसायनशास्त्रातली चूक शिकवली होती. मग तिनेच ओळ बदलली: “कण एकटे सुटून, धावती दूर हटून”. यमकासाठी शब्द निवडाल तेव्हा तो शब्द एकटा उचलून प्रश्नात घाला. “कण तुटतो का?” उत्तर “नाही” आलं की तो शब्द गेला, यमक कितीही गोड असो.

“कण फुगतात”, “कण वितळतात”, “कण हलके होतात” याही ओळी दरवर्षी येतात आणि याच चाळणीने गळून पडतात.

पाचवी पायरी: वस्तू शेवटी निवडा

आता कडव्याची पहिली जोडी. इथे डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी, आणि ती मुलाच्या रोजच्या वाटेवरची असावी.

स्थायूसाठी मी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर घेतलं. आठव्या शतकातलं, अखंड काळ्या पाषाणात कोरलेलं लेणं. बाराशे वर्षांत दगडाने आपला आकार सोडलेला नाही.

पाताळेश्वरी पाषाण
पाळे आकाराची आण

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा होता, म्हणजे द्रव. मुलांना हे सांगितलं की ती हमखास विचारतात, “मग त्याने आण मोडली होती का?” प्रश्न फार चांगला आहे. आण दगडाची नाही, अवस्थेची आहे. तापमान बदललं की पदार्थ एका कडव्यातून दुसऱ्यात जातो. पाताळेश्वर ज्यांनी पाहिलेलं नाही अशा गावच्या मुलांनी “आवारातला पाषाण” म्हणावं, अक्षरं तेवढीच राहतात.

वाळू, मीठ, कापूस आणि स्पंज मात्र सुरुवातीला टाळा. वाळू डब्यात ओतली तर डब्याचा आकार घेताना दिसते, आणि मूल तिला द्रव ठरवतं. तिचा एकेक दाणा बघितला तर प्रत्येकाचा आकार कायम आहे, पण हे पुढच्या तासाला. स्पंज दाबला की दबतो, कारण त्याच्या छिद्रांतली हवा बाहेर जाते, आणि आपली “दबेना” ओळ उगाच खोटी वाटते.

द्रवासाठी पाण्यापेक्षा चहा बरा. अमृततुल्यमध्ये कपातला चहा बशीत ओतून पिणारे आजोबा मुलांनी पाहिलेले असतात.

चहा कपात उंचसा
बशीत पसरटसा

चहा तोच, कपभरच, पण आकार बदलला. एकाने लिहिलं होतं, “द्रवाला आकारच नाही”. ते अर्धवट आहे. द्रवाला स्वतःचा आकार नाही, भांड्याचा आहे. नुसतं “नाही” म्हणण्यापेक्षा कप आणि बशी दाखवणं नेमकं.

वायूची वस्तू निवडताना सर्वांत जास्त फसगत होते, कारण बहुतेक वायू दिसत नाहीत आणि जे दिसतं ते बहुधा वायू नसतं. चहावरून उठणारी पांढरी “वाफ” म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, अर्थात द्रव. खरी वाफ किटलीच्या तोंडाशी, पांढरा झोत सुरू होण्याआधीच्या बोटभर मोकळ्या जागेत असते आणि ती दिसत नाही. उदबत्तीच्या धुरात घन आणि द्रव कण तरंगत असतात. घरचा गॅस सिलिंडर हलवला की आत डचमळतं, कारण आत दाबाखाली बहुतांशी द्रवच भरलेला असतो. रिक्षातला सीएनजी मात्र टाकीतही वायूच असतो, साध्या दाबाच्या सुमारे 200 पट दाबाने ठासून भरलेला. “दाबता दबतो” याचं ते चांगलं उदाहरण आहे, पण टाकीच्या आतलं मुलाला दिसत नाही. म्हणून मी सारसबागेबाहेरच्या फुगेवाल्याकडे वळले, गोल फुगा आणि लांब फुगा:

हवा फुग्यात गोलशी
लांब फुग्यात लांबशी

कपाच्या “उंचसा”ला फुग्याची “गोलशी” उत्तर देते. द्रव आणि वायू दोघेही भांड्याचा आकार घेतात, हे साम्य इथे कळतं, आणि लगेच पुढच्या जोडीत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

सगळं एकत्र लिहिलं की असं दिसतं:

पाताळेश्वरी पाषाण
पाळे आकाराची आण
स्थायू दाबता दबेना
माप जराही घटेना
कण जागीच दाटून
थरथरती खेटून

चहा कपात उंचसा
बशीत पसरटसा
द्रव दाबता दबेना
माप त्याचेही घटेना
कण जागचे उठून
सरकती ते खेटून

हवा फुग्यात गोलशी
लांब फुग्यात लांबशी
वायू दाबता दबतो
सोडता खोली भरतो
कण एकटे सुटून
धावती दूर हटून

सहावी पायरी: अदलाबदल करून तपासा

मुलांनी आपली कडवी लिहिली की दोघादोघांना बसवा आणि अवस्थांची नावं बदलायला सांगा. स्थायूच्या कडव्यात “द्रव” घाला आणि प्रत्येक ओळ खरी राहते का ते बघा. वरच्या कडव्यांत स्थायू आणि द्रव यांची अदलाबदल केली तर मधली जोडी खरीच राहते, ती मुद्दाम तशी आहे. पहिली आणि तिसरी जोडी मात्र खोटी ठरायला हवी. स्थायूच्या जागी वायू घातला तर एकही जोडी टिकायला नको. एखाद्या कडव्यात नाव बदलूनही सगळं खरं राहिलं, उदाहरणार्थ “आपल्या उपयोगी पडे”, “सर्व कणांनी बनले”, तर त्या ओळी फरक सांगत नाहीत. त्या पुसून नव्याने लिहायला लावा. एका वर्षी एका मुलाच्या वायूच्या कडव्यात सहापैकी चार ओळी अशा निघाल्या. त्याला सिरिंज हातात दिली आणि तिच्याकडे बघत लिहायला सांगितलं. त्याने “दट्ट्या दाबला, सरला” अशी ओळ आणली. आठ अक्षरं आणि नेमकं निरीक्षण.

आकडे ओळीत नकोत. “शंभर अंशांवर उकळे” असं लिहायचा मोह होतो, पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. प्रयोगशाळेत मुलाने तापमापी लावली की त्याची कविता आणि काच यांत भांडण होणार.

म्हणून दाखवताना

पाठांतर बसल्याजागी घेऊ नका. वीस मुलांना मैदानात खडूच्या चौकोनात उभं करा. पहिल्या कडव्याला त्यांनी खांद्याला खांदा लावून, पाय न हलवता थरथरायचं. दुसऱ्या कडव्याला चौकोन तेवढाच ठेवा. मुलांनी एकमेकांना खेटूनच, पण जागा बदलत सरकायचं. इथे मुलं आपसूक पांगायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच थांबवून विचारायचं, “माप त्याचेही काय?” वर्ग “घटेना!” म्हणून ओरडतो. मग सांगायचं की वाढतही नाही, आणि त्यांना परत चौकोनात घ्यायचं. तिसऱ्या कडव्याला चौकोन पुसून टाका आणि मैदानभर धावू द्या. भिंतीला हात लागला की दिशा बदलून परत. धावणारी मुलं परत गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून हे कडवं तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत घ्या.